आर्टिकल, प्रिपोझिशन आणि डिटरमिनर : भरलेली वर्कशीट, कारणांसकट

प्रिय भाचीबाईस,

तुझी वर्कशीट सोडवून पाठवते आहे. उत्तरं इंग्रजी आहेत, पण कारणं मराठीतच लिहिली आहेत, कारण तुझी अडचण मराठीतच सुरू होते. आपल्याकडे आर्टिकल असं काही नसतंच, आणि प्रिपोझिशनचं काम आपले प्रत्यय नामाला मागून चिकटून करतात. ‘दादरला’ मधला एकच ‘ला’ इंग्रजीत कधी ‘टू’ होतो, तर कधी ‘ॲट’. म्हणून शब्दाला शब्द लावायला गेलीस की चुकतेस. परीक्षेत मी जवळ नसेन, तेव्हा उत्तराआधी कारण वाच.

१. माय अंकल ड्राइव्ह्ज ॲन एस. टी. बस.

इथे तू तीनदा खोडलंस, कागद पातळ झालाय. ‘एस’ हे व्यंजन आहे म्हणून तू ‘अ’ लिहिलंस. पण नियम अक्षराचा नाही, कानाचा आहे. मोठ्याने म्हण: एस. पहिला आवाज ‘ए’, म्हणजे स्वर. म्हणून ‘ॲन’. तसंच ‘ॲन एम. एल. ए.’, ‘ॲन अवर’ (तिथला एच मुका आहे). पण ‘अ बेस्ट बस’, कारण आपण ‘बी. ई. एस. टी.’ असं सुटं म्हणत नाही, सरळ ‘बेस्ट’ म्हणतो.

२. ही इज अ मेंबर ऑफ अ युनियन इन परळ.

‘युनियन’ लिहिताना पहिलं अक्षर स्वर, पण बोलताना ‘यु’ येतो आणि ‘य’ व्यंजन आहे. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन सगळी याच घरची. ‘अ वन-रुपी कॉइन’ही इथेच बसतं, कारण ‘वन’चा पहिला आवाज ‘व’ आहे. पहिली दोन उत्तरं समजली तर अ-ॲनचं सगळं समजलं.

३. आय सॉ अ बॉय ऑन द प्लॅटफॉर्म. द बॉय वॉज सेलिंग गजरे.

ही जोडी नीट बघ. मराठीत तू कशी सांगशील? ‘प्लॅटफॉर्मवर एक मुलगा दिसला. तो मुलगा गजरे विकत होता.’ पहिल्यांदा ‘एक’, नंतर ‘तो’. ऐकणाऱ्याला अजून माहीत नाही तेव्हा ‘अ’, एकदा ओळख झाली की ‘द’. वाक्यात ‘एक’ आणि ‘तो’ घालून बघ, दहापैकी सात जागा तिथेच सुटतील. उरलेल्या तीन, म्हणजे नद्या-समुद्र वगैरे, पाठच कराव्या लागतात. पुढचं वाक्य त्यातलंच आहे.

४. मुंबई स्टँड्स ऑन द अरेबियन सी.

समुद्र, महासागर, नद्या आणि पर्वतांच्या रांगा यांना ‘द’ लागतो: द अरेबियन सी, द गोदावरी, द वेस्टर्न घाट्स. एकट्या शिखराला नाही, नुसतं ‘कळसूबाई’. शहरालाही नाही, म्हणून ‘मुंबई’च्या आधी काही नाही. आणि ‘ऑन’ का? शहर पाण्यात नाही, काठाला लागून आहे. नाशिकही ‘ऑन द गोदावरी’च.

५. द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन इन इंडिया रॅन फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे ऑन 16 एप्रिल 1853.

एका वाक्यात पाच जागा, आणि सगळ्यात गुणकारी वाक्य. ‘फर्स्ट’ म्हटलं की ती गाडी एकच असते, म्हणून ‘द’. ‘टॉलेस्ट’, ‘बेस्ट’, ‘ओन्ली’ यांच्या आधीही तेच. ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ ही जोडी सुटायची जागा आणि पोचायची जागा सांगते.

‘ऑन’कडे मात्र थांब. तू ‘इन’ लिहिलंस, कारण 1853 हे साल दिसलं. पण तारीख दिली की ‘ऑन’, नुसतं साल किंवा महिना दिला की ‘इन’, घड्याळाची वेळ दिली की ‘ॲट’. म्हणजे ‘ॲट 8:12’, ‘ऑन सॅटरडे’, ‘इन 1853’. वेळ जितकी नेमकी, तितकी ‘ॲट’च्या जवळ.

६. वी मेट ॲट सी. एस. एम. टी., व्हिच बिकेम अ वर्ल्ड हेरिटेज साइट इन 2004.

भेटायचं ठिकाण म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, म्हणून ‘ॲट’. ‘इन’ लिहिलंस तर भर इमारतीच्या आत, हा अर्थ. तोही चूक नाही, पण इथे भेटीची जागा सांगायची आहे. जगात अशा साइट्स पुष्कळ, त्यातली ही एक, म्हणून ‘अ’. ‘इन’चं कारण वर आलंच.

७. शी गोज टू स्कूल बाय ट्रेन.

‘स्कूल’च्या आधी तू ‘द’ घातलास, तो काढ. शिकायला जाणं हा शाळेचा मूळ उद्देश असेल तेव्हा आर्टिकल येत नाही. बाबा फी भरायला गेले तर मात्र ‘टू द स्कूल’. ‘बाय’नंतरचं वाहनही उघडंच राहतं: बाय बस, बाय टॅक्सी. चालत गेलीस तर ‘ऑन फूट’, तिथे ‘बाय’ चालत नाही.

८. आजी गॉट ऑन द ट्रेन, बट काका गॉट इनटू अ टॅक्सी.

ज्या वाहनात उभं राहून दोन पावलं चालता येतं, तिथे ‘ऑन’: ट्रेन, बस, बोट. जिथे वाकून शिरावं लागतं तिथे ‘इनटू’: टॅक्सी, रिक्षा. आजी दादरला दांडा धरून चढते आणि काका टॅक्सीत डोकं सांभाळत शिरतात, ते डोळ्यांपुढे आण.

९. देअर वॉज लिटल वॉटर इन द ड्रम, सो वी कुड नॉट वॉश द क्लोद्ज.

तू ‘अ लिटल’ लिहिलंस. एका ‘अ’ने अर्थ उलटा होतो. ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच, ‘अ लिटल’ म्हणजे थोडं का होईना, आहे. पुढे ‘कपडे धुता आले नाहीत’ म्हटलंय, म्हणून ‘लिटल’. सकाळचं पाणी गेल्यावर चाळीत ड्रमच्या तळाला तांब्या खरवडतो ना, तेच. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, फरक तोच.

१०. ईच ऑफ द टू सिस्टर्स हॅज सम बुक्स, बट नायदर हॅज एनी मनी.

दोनच जणी आहेत, म्हणून ‘एव्हरी’ नाही, त्याला तीन तरी लागतात. शिवाय ‘ऑफ’च्या आधी ‘एव्हरी’ कधीच बसत नाही. होकारात ‘सम’, नकारात ‘एनी’, आणि ‘नायदर’मध्ये नकार लपलेला आहे.

११. दे हॅव लिव्ह्ड इन धिस चाळ फॉर फॉर्टी इयर्स, सिन्स 1985.

किती काळ ते सांगायला ‘फॉर’, कधीपासून ते सांगायला ‘सिन्स’. मराठीत ‘चाळीस वर्षांपासून’ आणि ‘1985पासून’ दोन्हीकडे ‘पासून’ येतं, म्हणून गोंधळ होतो. आकडा मोजलेला काळ असेल तर ‘फॉर’, कॅलेंडरवरची खूण असेल तर ‘सिन्स’.

१२. वी सॅट ऑन द ग्रास इन शिवाजी पार्क.

हिरवळीवर बसलो, पृष्ठभागाला टेकलो, म्हणून ‘ऑन’. मैदानाच्या हद्दीत होतो, म्हणून ‘इन’. इथे ‘ॲट शिवाजी पार्क’ही चालतं. बाईंनी ते लिहिलं असेल तर खोडू नकोस. तुझं ‘इन’ चूक ठरवलं, तर हात वर कर आणि हद्दीचं हे कारण सांग.

तुझी,
मावशी