ज्येष्ठ

ताईच्या लग्नाची पत्रिका मीच कॉम्प्युटरवर केली होती. उद्या सकाळी चारशे प्रती छापायला द्यायच्या होत्या. घरात सगळ्यांनी वाचून 'मस्त' म्हटलं. राहिले फक्त आजोबा.

आजोबांनी एकतीस वर्षं मिरजेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवले. उलटी अक्षरं ते सुलटी असल्यासारखी वाचायचे. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी वाचताना ओळीखाली अंगठा धरून तो सरकवत जायची सवय तशीच आहे.

अंगठा 'आमची जेष्ठ कन्या' इथे थांबला. बराच वेळ हललाच नाही.

"सुजय, भिंतीवरचं कॅलेंडर आण रे जरा."

मला वाटलं, मुहूर्त बघायचाय. मी कॅलेंडर काढून आणलं. त्यांनी मे महिन्याचं पान उलटलं आणि जूनचं माझ्यासमोर धरलं.

"वर कुठला महिना लिहिलाय?"

"ज्येष्ठ," मी वाचलं. मग पत्रिकेकडे पाहिलं. मग पुन्हा कॅलेंडरकडे. कान गरम झाले.

"शब्द तोच," आजोबा म्हणाले. "ज्येष्ठा नक्षत्राजवळ पौर्णिमेचा चंद्र येतो तो ज्येष्ठ महिना, आणि घरातलं पहिलं लेकरू तेही ज्येष्ठच. म्हणून तर थोरल्या लेकराचं लग्न ज्येष्ठात करत नाहीत. तुझ्या ताईचा मुहूर्त वैशाखात धरला तो उगीच नाही."

"पण आजोबा, म्हणताना आपण जेष्ठच म्हणतो ना?"

"म्हणतो की. कानाला तो 'य' लागतच नाही, त्यामुळे भल्याभल्यांचा सुटतो. आमच्या बोटांना लागायचा. आधी अर्ध्या 'ज'चा खिळा उचलायचा, मग 'य'चा. एक घर रिकामं राहिलं की बोटं अडायची." असं म्हणताना त्यांची चिमूट हवेत दोनदा मिटली, जणू समोर अजून खिळ्यांची केस उघडी आहे. "तुझ्या त्या यंत्रात बोट अडत नाही रे. तुझा काय दोष त्यात?"

आई आतून म्हणाली, "बरं झालं बाई, दाखवलंत ते!" तर त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

मी तिथेच बसून दुरुस्ती केली, नवी प्रत काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पुन्हा गणपतीच्या चित्रापासून वाचायला घेतली, एकही ओळ न गाळता. अंगठा 'ज्येष्ठ'वरून न थांबता पुढे गेला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. शेवटी तळाशी आला. तिथे मी बच्चेकंपनीच्या नावाने लिहिलं होतं: 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!'

"'यायचं'वर अनुस्वार, 'हं'वरही अनुस्वार," आजोबा म्हणाले. "वा! आता दे छापायला."