विषय : बॉयलर पुरवठा करारातील कलम १७ - भरपाई की दंड? कायदेशीर अभिमत

प्रति,
कार्यकारी संचालक, सहकारी साखर कारखाना, जि. सांगली

महोदय,

करार, निविदेची फाईल आणि संचालक मंडळाचे इतिवृत्त पाहून हे अभिमत देत आहे.

बॉयलरची किंमत ४.८० कोटी. तो १५ सप्टेंबर २०२४ रोजी यायचा होता, आला ३ नोव्हेंबरला, म्हणजे सात आठवडे उशिरा. कलम १७(अ) प्रमाणे दर आठवड्याला किमतीच्या अर्धा टक्का, म्हणजे १६.८० लाख होतात. १७(ब) प्रमाणे उशीर सहा आठवड्यांवर गेला की, कारण काहीही असो, आणखी १५ टक्के, म्हणजे ७२ लाख. आपण दोन्ही मिळून ८८.८० लाख बिलातून रोखले आहेत.

इंग्लंडमध्ये १९१५ च्या डनलॉप निकालापासून ‘भरपाईचा खरा अंदाज’ आणि ‘दंड’ असा भेद केला गेला. आपल्या करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ ने तो भेद निर्णायक ठेवलेला नाही. दोन्ही प्रसंगी वाजवी भरपाईच मिळते आणि करारातील रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते (फतेहचंद, १९६३). नुकसान सिद्ध करणे अवघड असेल आणि रक्कम प्रामाणिक अंदाजाची असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही (सॉ पाइप्स, २००३). पण नुकसानच झाले नसेल तर काही मिळत नाही. कैलाशनाथ प्रकरणात (२०१५) दिल्ली विकास प्राधिकरणाने तोच भूखंड पुढे जास्त किमतीला विकला होता, म्हणून जप्त केलेली बयाणा रक्कम न्यायालयाने परत करायला लावली.

१७(अ) माझ्या मते टिकेल. निविदेच्या फाईलमध्ये मुख्य अभियंत्यांची टिपणी आहे : जुन्या बॉयलरवर गाळप चालवल्यास आठवड्याला सुमारे अडीच लाखांचा फटका. करारातला आकडा २.४० लाख आहे. करारापूर्वी कुणीतरी खरोखर हिशेब मांडला होता, याहून चांगला पुरावा क्वचितच हाती लागतो.

१७(ब) मागे असा कुठलाही हिशेब नाही. उलट इतिवृत्तात ‘पुरवठादारावर वचक राहावा म्हणून’ असे स्पष्ट लिहिले आहे. हे वाक्य लवादासमोर आले की ७२ लाखांचा बचाव करणे मला शक्य वाटत नाही. एका दिवसाचा जादा उशीर आणि तीन महिन्यांचा उशीर यांना सारखीच रक्कम लावणे, हे भरपाईचे लक्षण नव्हे.

मात्र १७(ब) पूर्ण निरुपयोगी नाही. लेखा विभागाच्या मते प्रत्यक्ष नुकसान १९ लाख आहे : बाहेरून घेतलेले बगॅस आणि घटलेले गाळप. १६.८० लाखांवरचे २.२० लाख १७(ब) च्या मर्यादेत मागता येतील, पण पावत्या आणि दैनंदिन गाळप अहवालांसह. ‘उशिराची सगळी भरपाई १७(अ) मध्येच आली’ असा आक्षेप पुरवठादार घेईल. या २.२० लाखांचा भरवसा धरू नये.

बॉयलर ताब्यात घेताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचे पत्र आपण त्याच दिवशी दिले होते. ते नसते, तर कलम ५५ मुळे उशिराबद्दलचा सगळाच दावा गेला असता. मूळ पोहोच जपून ठेवावी.

माझा सल्ला असा : १९ लाख रोखून ठेवावेत आणि उरलेले ६९.८० लाख नोटीस येण्याआधीच अदा करावेत. अन्यथा त्यावर व्याजही भरावे लागण्याची शक्यता आहे.

आपला विश्वासू,
कायदा सल्लागार