हिशेब रोख पद्धतीने ठेवावेत की उपार्जित पद्धतीने, याबाबत विचारणा

सन्माननीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

माझ्या स्टेशनरीच्या दुकानाचे हिशेब मी आजवर रोख पद्धतीने, म्हणजे पैसे हाती आले की जमा आणि पैसे दिले की खर्च, असेच ठेवत आलो आहे. सगळी विक्री गल्ल्यावर होत होती तोवर यात काहीच अडचण नव्हती. मात्र गेल्या वर्षापासून मी दोन शाळांना महिनाअखेरीच्या बिलावर माल देऊ लागलो आणि घाऊक व्यापाऱ्याकडून मलाही 45 दिवसांची उधारी मिळू लागली, तेव्हापासून वहीतला नफा आणि धंद्याची खरी स्थिती यांचा मेळ बसेनासा झाला आहे.

शाळा उघडण्याच्या महिन्यात गल्ला भरतो, पण त्याच मालाचे देणे पुढच्या महिन्यात फेडले जाते. त्यामुळे पहिला महिना भरघोस नफ्याचा आणि दुसरा तोट्याचा दिसतो, वस्तुतः दोन्ही तसे नसतात. उपार्जित पद्धतीत बिलाच्या तारखेलाच उत्पन्न धरले जाते, विकल्या गेलेल्या मालाचीच किंमत त्यासमोर खर्ची पडते आणि फळीवर उरलेल्या वह्या शिल्लक साठ्यात राहतात, असे मी समजतो. वर्षभराचा विमा एकदम भरला तरी दरमहा त्याचा बारावा हिस्साच खर्चात येईल, हेही मला पटते.

माझी खरी धास्ती कराची आहे. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात दिलेल्या बिलाचे पैसे शाळेकडून दोन-तीन महिन्यांनी आले, तर न मिळालेल्या पैशावरचा कर मला पदरचा भरावा लागेल का? आणि ते बिल बुडालेच, तर ते बुडीत येणे म्हणून केव्हा व कोणत्या पुराव्यावर वजा करता येईल? शिवाय माझ्याएवढ्या उलाढालीच्या दुकानाला पद्धत निवडण्याची मुभा आहे का, की माल विकणाऱ्याला एकच पद्धत बंधनकारक असते, आणि बदलासाठी कर कार्यालयाची परवानगी लागते का, हेही कळवावे.

बदल करायचा झाल्यास नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासूनच करावा, असे मला वाटते. तरीही जुन्या वर्षात दिलेल्या पण नव्या वर्षात वसूल होणाऱ्या बिलांचे उत्पन्न कोणत्या वर्षात धरायचे, हा प्रश्न उरतोच, कारण ती जुन्या पद्धतीने अजून जमा झालेली नाहीत आणि नव्या पद्धतीने आधीच्या वर्षातली ठरतात. अशा रकमा दोन्हीकडून सुटू नयेत किंवा दोनदा मोजल्या जाऊ नयेत, यासाठी सुरुवातीच्या नोंदी कशा कराव्यात? व्यापाऱ्याच्या देण्याबाबतही हाच पेच आहे.

दररोजची कीर्द रोखीचीच ठेवून वर्षअखेरीस येणी, देणी व साठा धरून आपण हिशेब उपार्जित पद्धतीत बदलून द्यावेत, हा मधला मार्ग मला सोयीचा वाटतो. परंतु मग दरमहाचा नफा पुन्हा फसवाच दिसेल, म्हणून त्याबद्दल माझे मन साशंक आहे. कोणतीही पद्धत ठरली तरी गल्ल्यात व बँकेत प्रत्यक्ष किती पैसे आहेत याची नोंद मी वेगळी ठेवणारच आहे.

ग्राहकनिहाय येणे बाकी, व्यापाऱ्याची न फेडलेली बिले आणि मालमोजणीची यादी सोबत जोडली आहे. आपण या याद्या पाहून पुढील आठवड्यात भेटीची वेळ कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
स्टेशनरी दुकानाचा मालक