विषय: चाकण-नाशिक दौऱ्याचा खर्च (८ ते ११ जुलै), काही बिलं नाहीत त्याबद्दल

मॅडम नमस्कार,

चाकण आणि नाशिकच्या व्हिजिटचा माझा क्लेम काल सगळाच्या सगळा परत आला, शेरा होता "बिलं अपुरी". बिलं अपुरी आहेत हे खरंय, पण त्यातला प्रत्येक रुपया कंपनीच्या कामाला गेलाय आणि बऱ्याचशा रकमेला बिल नसलं तरी दुसरा पुरावा माझ्याकडं आहे, तो सगळा या मेलला जोडलाय. एकदा शांतपणे बघा एवढीच विनंती.

एकूण खर्च ६,६६४ रुपये. जेवणाचं यात काही धरलेलं नाही, ते भत्त्यात येतं. त्यातली २,९७० ची पक्की बिलं आहेतच, म्हणजे स्वारगेट ते चाकण कॅबचं ९२०, चाकणच्या लॉजचं ११०० आणि नाशिकहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं कोल्हापूरला आलो त्याचं ई-तिकीट ९५०. यावर तर काही प्रश्न नसावा. उरले ३,६९४, त्याचंच सांगतो.

पहिलं एसटीचं. ८ तारखेला पहाटेच्या गाडीनं सीबीएसवरून निघालो, स्वारगेटपर्यंत ४०२ रुपये. तिकीट माझ्याकडं आहे पण त्याच्यावर वाचण्यासारखं काही राहिलं नाही. कंडक्टरच्या मशीनमधनं येतं ते तिकीट शाईनं छापत नाहीत, कागदालाच उष्णतेनं अक्षर उमटतं, आणि तसला कागद प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ओलसर राहिला की अक्षर उडून जातं. त्या आठवड्यात पाऊस कसा होता तुम्हाला माहितीये, बॅग वरून भिजली नाही पण आत दमट झाली. आता ट्यूबलाईटखाली तिरकं धरलं तर "कोल्हा" एवढं आणि खाली रकमेतला ४ दिसतो, बाकी कोरा पांढरा कागद. तो कागद तसाच जोडतोय, आणि सोबत युपीआयचा स्क्रीनशॉट, कारण पैसे गाडीतच स्कॅन करून दिले होते, वेळ आणि रक्कम दोन्ही त्यात आहे.

९ तारखेला संध्याकाळी चाकणवरून नाशिकला जाताना मात्र गाडीत रेंज नव्हती म्हणून ३०२ रोख दिले, त्याही तिकिटाची गत तीच. त्याला युपीआय नाही. पण चाकणच्या प्लांटमधनं माझा आऊट टाईम ५:२० चा आहे, सर्व्हिस रिपोर्टवर कस्टमरच्या मेंटेनन्स मॅनेजरची सही आणि शिक्का आहे, आणि त्याच रात्री नाशिकच्या लॉजच्या रजिस्टरला माझी एंट्री आहे. मधला रस्ता मी कशानं तरी गेलोच असणार, आणि एसटीपेक्षा स्वस्त काही मला तरी सापडलं नाही. भाडं किती ते एसटीच्या बुकिंग साईटवर टाकून कुणीही बघू शकतं.

आता लॉजचं, नाशिकच्या. दोन रात्री, ९०० प्रमाणे १८००. इथं बिल आहे, पण ते साध्या पावती पुस्तकातलं हातानं लिहिलेलं आहे आणि त्यावर जीएसटी नंबर नाही म्हणून ते धरलं नाही असं मला फोनवर सांगितलं. मॅडम, ते लॉज अगदी लहान आहे, खाली किराणा आणि वर सहा खोल्या. सर्व्हिस देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असली की त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळं नंबर नाही म्हणजे बिल खोटं असं होत नाही. इनपुट क्रेडिट मिळणार नाही हे मान्य, पण खर्च तर झालाच की. मोठ्या हॉटेलला राहिलो असतो तर जीएसटीचं छापील बिल मिळालं असतं आणि खर्च दुप्पट झाला असता. पैसे युपीआयनं दिलेत, मालकांना फोन केला तर त्यांनी रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो पाठवला, बाकीच्या गिऱ्हाईकांची नावं झाकून, तोही जोडलाय. पडताळायचं असेल तर त्यांचा नंबर पावतीवर आहे, बोलायला तयार आहेत.

टेम्पोचे ६५०. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हा खर्च ठरलेला नव्हता आणि तो केला नसता तर मशीन चालू झालं नसतं. सातपूरच्या प्लांटमध्ये हायड्रॉलिक पॉवर पॅकची मोटर जळालेली निघाली, ती रिवाइंडिंगला अंबडला न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची होती. रिक्षात बसण्यातली नव्हती, दोघांनी धरून उचलायला लागत होती. छोटा हत्ती केला, जाऊन-येऊन ६५०. टेम्पोवाले बिलबुक ठेवत नाहीत, मागितलं तर म्हणाले साध्या कागदावर लिहून देतो, ते मी घेतलं नाही कारण तसल्या कागदाला ऑडिटमध्ये काही अर्थ नसतो. त्यापेक्षा पक्का पुरावा गेट पासचा आहे. मोटर बाहेर काढताना आणि आत घेताना सिक्युरिटीनं गेट पास केलाय, त्यावर मोटरचा सिरीयल नंबर, टेम्पोचा नंबर आणि वेळ आहे, परत येतानाची एंट्री ३:१०, आणि माझं युपीआय पेमेंट ३:१४ चं. दोन्ही शेजारी ठेवून बघा, वेगळं काही सांगायला नको.

राहिले रिक्षाचे ५४०, तीन दिवसातले मिळून. हे पूर्ण रोख आणि याला कसलाच कागद नाही, शेअर रिक्षात पावती मिळत नाही हे तुम्हालाही माहितीये. जिथून जिथं गेलो, कुठल्या तारखेला, किती दिले, हे सगळं कॅश व्हाऊचरवर लिहून सही करून देतो, वर आमच्या सर्व्हिस हेडची सही घेतो. त्यांना मी प्रत्येक वेळी पोचलो की व्हॉट्सअ‍ॅपला लोकेशन टाकत होतो, ते मेसेजही जोडलेत. यातली एखादी फेरी मान्य करता येत नसेल तर तेवढीच कट करा, माझं काही म्हणणं नाही.

म्हणजे बघा, बिल नसलेल्या ३,६९४ पैकी २,८५२ चं युपीआय आहे आणि बँकेचं स्टेटमेंटही सोबत आहे, निव्वळ रोख फक्त ८४२.

माझी मागणी एवढीच की २,९७० तरी या पगाराच्या आधी सोडा, कारण त्याची बिलं पूर्ण आहेत आणि बाकीच्यासाठी ते अडवून ठेवायचं कारण नाही. उरलेल्यावर तुम्ही आणि सर्व्हिस हेड बोलून ठरवा. हे पैसे मी घरखर्चातनं घातलेत, पोरीची क्लासची फी त्यातनंच जायची होती, म्हणून मागं लागावं लागतंय. आणि दुसरं असं की आम्ही सर्व्हिसची पोरं रात्री-अपरात्री जिथं मशीन बंद पडेल तिथं पळतो, तिथं खिशातनं घातलेले पैसे कागदाअभावी बुडणार असतील तर पुढच्या वेळी टेम्पो करायला कुणाचंही मन होणार नाही आणि कस्टमरची लाईन बंद राहील.

मूळ कागद शुक्रवारी शिरोलीला ऑफिसमध्ये घेऊन येतो, दुपारी तीननंतर. अजून काही लागत असेल तर त्याआधी फोन करा म्हणजे एकाच खेपेत आणता येईल.

आपला,
संदीप
सर्व्हिस डिपार्टमेंट, कोल्हापूर