लग्नसराईच्या जाहिरातीतली एआय चित्रं : हक्क कोणाचा, आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं

प्रिय सुरेशभाऊ,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पैसे आम्ही दिले, म्हणजे चित्रं आमची. मग अमरावती-चंद्रपूरच्या डीलरांना आम्ही ती विकू शकतो, बरोबर?" अर्धं बरोबर आहे. उरलेलं फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. इतवारीच्या साड्यांच्या दुकानात तुम्ही आणि तुमचा भाचा संजू बसून हे पत्र एकदा वाचा, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या कोटेशनवर सही करताना प्रश्न राहणार नाहीत.

तीन गोष्टी एकमेकांत मिसळल्या जातात. चित्र वापरायची मुभा आपल्याला आहे का, ही एक. तेच चित्र दुसऱ्याने उचललं तर आपण त्याला अडवू शकतो का, ही दुसरी. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ही तिसरी. पहिलीचं उत्तर 'हो' आलं की बाकीच्या दोन्हींचंही 'हो' असेल असं लोक धरून चालतात, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

मुभेपासून सुरू करू. प्रत्येक एआय टूलच्या अटी वेगळ्या असतात. धंद्यासाठी वापर बहुतेक ठिकाणी चालतो, पण कोणत्या प्लॅनवर, ते बघावं लागतं. उदाहरणार्थ, वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीने मिडजर्नीचा प्रो किंवा मेगा प्लॅन घ्यावा, अशी त्यांची अट आहे. दहा लाख डॉलर म्हणजे साधारण नऊ कोटी रुपये. तुमचा होलसेल धरला तर तुम्ही त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहात हे तुमच्या सीएंना माहीत. संजूने स्वतःच्या स्वस्तातल्या खात्यावर केलेली ती पाच-सहा नवरीची चित्रं मी म्हणूनच वापरणार नाही. चित्रं छान आहेत, पोराला नजर आहे. पण उद्या कोणी विचारलं तर "भाच्याच्या खात्यावर केली" हे उत्तर पुरत नाही. शिवाय तिथे साध्या प्लॅनवर केलेली चित्रं इतरांनाही दिसतात.

आमच्याकडे पार्श्वभूमीचं काम मी अडोबी फायरफ्लाय या एआय टूलवर करणार आहे. अडोबी स्टॉक या त्यांच्याच चित्रसंग्रहातली परवानगीची चित्रं आणि कॉपीराइट संपलेलं साहित्य यांवर ते शिकवलेलं आहे, असं कंपनी सांगते. मोठ्या कंपन्यांच्या काही करारांत दावा झाल्यास भरपाईची हमीही मिळते; आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओच्या वर्गणीत ती आपोआप येत नाही, म्हणून ती आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. बाकी टूल्सबद्दल एवढंच, की जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल या चित्रपट कंपन्यांनी मिडजर्नीवर अमेरिकेत कॉपीराइटचा दावा लावला आहे. तुमच्या साडीचा त्या भांडणाशी काही संबंध नाही, पण ज्याचा पाया अजून कोर्टात आहे त्यावर तुमचं वर्षभराचं होर्डिंग उभं करायला माझा हात धजत नाही.

आता मालकी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक वाक्य आलं: कॉम्प्युटरने तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. वाचायला आपल्या बाजूचं वाटतं. पण ते लिहिलं तेव्हा चार शब्द टाइप करून नवरी, वाडा आणि तुळशीवृंदावन उभं करणारी मशीन कोणाच्या डोक्यात नव्हती. २०२० मध्ये कॉपीराइट ऑफिसने 'राघव' नावाच्या एआयला एका चित्राचा सहकर्ता म्हणून नोंदवलं आणि पुढच्याच वर्षी ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली, यावरून अंदाज घ्या. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की कर्ता माणूसच हवा. त्यामुळे "सर्व हक्क फक्त आमचे" असं एआयच्या चित्रावर छापणं मला पटत नाही. छापायला कोणी अडवणार नाही, पण समोरच्याच्या वकिलाने ते वाक्य उलटवलं तर तुमच्या हातात दाखवायला फार थोडं उरेल.

खऱ्या फोटोचं मात्र वेगळं आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही, वेगळा करार नसेल तर. म्हणजे साडीचा फोटो काढला तर तो ठामपणे तुमचा. त्या मागचा चांदण्यातला वाडा एआयचा असेल तर त्या वाड्यावर तुमचा दावा कमजोर. शेजारच्याने तुमचा वाडा उचलला तर मी फार काही करू शकणार नाही. साडीचा फोटो, तुमचा लोगो किंवा दुकानाचं नाव उचललं तर मात्र नोटीस पाठवायला जागा आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की साड्या आपण प्रत्यक्ष शूट करू. करवतकाठी कोसा रेशमाच्या साड्या तुम्ही आयुष्यभर विकत आलात, तुम्हाला मी काय सांगणार, पण एआयने काढलेले करवतीचे दात मी बघितलेत. एका काठावर टोकदार, दुसऱ्यावर गोल, पदरावर भलतेच. कोशाचा तो खरखरीत पोतही जातो, सगळं प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत होतं. अशी साडी जाहिरातीत दाखवायची आणि दुकानात दुसरीच काढायची, हा प्रकार कायद्यात 'दिशाभूल करणारी जाहिरात' या सदरात बसू शकतो, मग चित्र एआयचं असो की हाताने रंगवलेलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं आणि पुन्हा तसंच झालं तर ५० लाखांपर्यंत. दंडाची वेळ येईल न येईल; पण लग्नाचा बस्ता घ्यायला आलेल्या आठ बायकांपुढे "जाहिरातीतली दाखवा ना" याचं उत्तर तुमच्या काउंटरवरच्या पोरांना द्यावं लागेल.

दुसरी गोष्ट जी मी करणार नाही ती म्हणजे हातमागावर बसलेले म्हातारे विणकर. तुम्हाला ते चित्र हवं आहे हे मला कळतं, डोळ्यात भरतं. पण नसलेला माणूस नसलेल्या मागावर दाखवून खाली 'आमचे विणकर' लिहिणं म्हणजे सरळ खोटं सांगणं. मोहाडीकडचे तुमचे माणसं आहेत ना? भंडाऱ्याच्या रस्त्याने सकाळी निघालो तर दुपारी फोटो घेऊन परत. त्यांची लेखी संमती घेऊ, मानधन देऊ. तसंच "माझ्या लग्नाची साडी इथलीच" म्हणणारी एआयची हसरी नवरी नको. २०२२ च्या जाहिरात मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस ही देणाऱ्याचं खरं मत हवी, आणि जी बाई अस्तित्वातच नाही तिला मत कुठून असणार?

चेहऱ्यांबद्दल एक ताकीद. कोणत्याही नटीचं नाव लिहून 'हिच्यासारखी नवरी' असं मागायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजीत सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल थांबवली. दिल्लीत २०२३ मध्ये अनिल कपूर यांना तसाच आदेश मिळाला. चेहरा, आवाज, लकब, सगळं त्यात येतं. आपण मॉडेलचा चेहरा एआयचा ठेवलाच, तर तो कोणासारखा दिसत नाही ना, हे मी इमेज सर्चवर तपासून देईन. आणि छत्रपतींचं किंवा गांधीजींचं चित्र जाहिरातीत नको. त्यावर १९५० पासून वेगळा कायदा आहे, त्यात एआयचा काही संबंध नाही.

आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं. फेब्रुवारी २०२६ मध्ये आयटी नियम बदलले. एआयने केलेलं खरं वाटणारं चित्र, आवाज किंवा व्हिडिओ एआयचा आहे हे ठळकपणे कळलं पाहिजे, आणि मोठ्या सोशल मीडियांनी ते टाकणाऱ्याकडून तसं जाहीर करून घ्यायचं आहे. रंग उजळणं, क्रॉप करणं अशी नेहमीची दुरुस्ती त्यात मोडत नाही. नियमांचा भार मुख्यतः प्लॅटफॉर्मवर आहे, पण इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकताना विचारलं तर खरं उत्तर तुमच्या माणसाने द्यायचं आहे. 'नाही' वर टिक करायची सवय लावू नका.

फाइलमध्ये 'हे एआयने केलं' अशी एक दडलेली नोंद असते. ती मी काढणार नाही. मात्र व्हॉट्सअॅपवर चित्र फिरलं की ती बऱ्याचदा गळून जाते, आणि तुमची निम्मी जाहिरात तर व्हॉट्सअॅपवरच फिरते. म्हणून चित्रावरच एक ओळ ठेवू:

'साडीचे छायाचित्र प्रत्यक्ष साडीचे. पार्श्वभूमी एआयने तयार केलेली.'

पेपरातल्या जाहिरातीला आणि सीताबर्डीच्या होर्डिंगला हे आयटी नियम लागू नाहीत. तरी तिथेही ही ओळ मी ठेवणार. तुमचे वडीलभाऊ म्हणतील, उगाच कशाला शंका काढायची. मला वाटतं उलट होईल: 'प्रत्यक्ष साडीचे' हे वाचून बस्त्याला आलेली बाई खूश होईल. अक्षर मात्र वाचता येईल एवढं हवं, कोपऱ्यात मुंगीएवढं नको.

डीलरांचं. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा यांना संच द्या, पैसेही घ्या. पण त्यांना तुम्ही 'वापरायची परवानगी' देताय, 'मालकी' नाही, आणि पार्श्वभूमीवर कोणाचाच एकाधिकार नाही, हे पावतीवरच लिहा. खुलाशाची ओळ पुसायची नाही, साडी दुसरी चिकटवायची नाही, हेही. आमच्याकडून तुम्हाला हक्क मिळतात ते लेखी करारानेच, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट टाकतेय. न टाकल्यास कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. दुबईतल्या तुमच्या पाहुण्यांचं दुकान त्यातून वगळलं गेलं असतं.

जबाबदारीही वाटून घेऊ. आम्ही बनवलेल्या चित्रावर कोणी हरकत घेतली तर चित्र बदलून देणं आणि फीएवढी भरपाई ही आमची जबाबदारी. तुमच्याकडून किंवा संजूकडून आलेल्या चित्रांची जबाबदारी तुमची. कोणतं चित्र कोणत्या टूलवर, कोणत्या तारखेला, काय लिहून केलं आणि नंतर हाताने काय बदललं, याची नोंद आम्ही ठेवतो. मागाल तेव्हा कॉपी मिळेल. करार तुमच्या वकिलांना दाखवा, त्यांनी काही बदललं तर मला वाईट वाटणार नाही.

पैशाचं सांगायचं तर आधीच्या ३८ हजारांच्या कोटेशनमध्ये शूट नव्हतं. साड्यांचं एक दिवसाचं शूट आणि मोहाडीची फेरी धरून ६१ हजार होतात. जास्त आहेत, मान्य. मॉडेल न घेता साड्या स्टँडवर नेसवून शूट केल्या तर ५२ मध्ये बसवते.

दिवाळीनंतर लगेच लग्नसराई, त्यामुळे शूट या महिन्यातच व्हायला हवं. बारा साड्या निवडून ठेवा, त्यात चार करवतकाठी असू द्या, आणि ज्या विकून संपणार आहेत त्या देऊ नका. मोहाडीला कोणाला फोन करायचा तेवढा नंबर पाठवा.

आपली,
मीनल
धरमपेठ, नागपूर