कागदी विमान: पंखांचा आकार, वजन आणि अंतर
विज्ञान प्रकल्प, इयत्ता सहावी

विषय कसा सुचला

आम्ही नागपुरात खामल्याला राहतो. सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून खूप खाली आलेली दिसतात. काही विमानांच्या पंखांची टोकं वर वळलेली असतात. ती तशी का असतात, हा माझा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न वजनाचा होता. विमान जड केलं तर ते लवकर पडणार, असा माझा अंदाज होता.

साहित्य

एकाच गठ्ठ्यातले ए-फोर कागद, छोट्या यू-पिना, रबरबँड, लाकडी पट्टी, खडू, मोजायचा टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. हा काटा १ ग्रॅमपेक्षा कमी वजन दाखवत नाही. म्हणून मी १० कागद एकत्र ठेवले, ते ५० ग्रॅम भरले. म्हणजे एक कागद ५ ग्रॅमचा. १० पिना ४ ग्रॅम भरल्या, म्हणजे एक पिन ०.४ ग्रॅमची.

विमानं

‘बाण’ म्हणजे आपण नेहमी करतो ते लांब, निमुळतं विमान. ‘रुंद’ विमानाचं नाक तीनदा दुमडून बोथट केलं होतं, लांबी १८ सेंमी. ‘वळणदार’ हे रुंदसारखंच, फक्त पंखांची टोकं २ सेंमी उभी दुमडलेली. तिन्ही विमानं एकेका पूर्ण कागदाची आहेत, त्यामुळे पिना न लावता तिघांचं वजन सारखंच राहतं.

कृती

पहिल्या दिवशी गच्चीवर हातानेच उडवून पाहिलं. वाऱ्याने एक विमान शेजारच्यांच्या टाकीमागे गेलं. शिवाय माझं फेकणं आणि ताईचं फेकणं यात फार फरक पडत होता. त्या दिवसाची सगळी मापं मी खोडून टाकली.

मग आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये पंखे आणि खिडक्या बंद करून प्रयोग केला. टेबलाच्या कडेला पट्टी बांधली आणि तिच्या पुढच्या टोकाला रबरबँड अडकवला. प्रत्येक विमानाच्या पोटाच्या घडीला छोटी खाच कापली. खाचेत रबरबँड अडकवून तो दर वेळी १५ सेंमीच्या खुणेपर्यंत ताणायचा आणि सोडायचा, म्हणजे जोर सारखा राहतो. विमान जमिनीला पहिल्यांदा जिथे टेकलं तिथे ताई खडूने खूण करायची. पुढे घसरत गेलेलं अंतर धरलं नाही, कारण फरशी गुळगुळीत आहे. प्रत्येक विमान पाच वेळा उडवून सरासरी काढली. नाक चेपलं की दर वेळी बोटाने सरळ करावं लागलं, नाहीतर पुढचं उड्डाण वाकडं जायचं.

निरीक्षणे (सरासरी अंतर, मीटरमध्ये)

| नाकावरच्या पिना | बाण | रुंद | वळणदार |
|---|---|---|---|
| ० | ७.३ | ६.१ | ७.५ |
| १ | ८.० | ९.२ | ९.६ |
| २ | ७.७ | ७.० | ७.४ |
| ३ | ६.५ | ४.३ | ४.८ |

पिन नसताना रुंद विमानाची पाच मापं ५.१, ८.८, ४.२, ६.९ आणि ५.५ आली. वळणदार विमानाची ७.४, ७.९, ६.८, ८.१, ७.३. रुंद विमान कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळायचं, वळणदार मात्र बहुतेक वेळा सरळ गेलं.

निष्कर्ष

माझा अंदाज चुकला. एका पिनेने तिन्ही विमानं जास्त लांब गेली. कारण शोधायला मी रुंद विमान पेन्सिलीवर आडवं तोललं. पिन नसताना ते नाकापासून ९ सेंमीवर तोललं गेलं, पिन लावल्यावर ८.४ सेंमीवर. म्हणजे गुरुत्वमध्य पुढे सरकला. पिन नसताना हे विमान नाक वर करायचं, हवेत क्षणभर थांबल्यासारखं व्हायचं आणि धपकन पडायचं. नाक फार वर गेलं की हवेचा रोध वाढतो, वेग कमी होतो आणि पंखांना उचल मिळत नाही. पिनेने नाक खाली धरून ठेवलं. दोन-तीन पिनांनी ते जास्तच खाली गेलं.

खात्री करायला तीच एक पिन मी रुंद विमानाच्या शेपटीला लावली. वजन तेवढंच, ५.४ ग्रॅम, पण सरासरी अंतर फक्त २.४ मीटर! म्हणून वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाणाचे पंख अरुंद असल्याने तो तरंगत नाही, वेगाने सरळ जातो. म्हणून पिनांनी त्याला फार फरक पडला नाही. उभ्या टोकांमुळे कागदी विमान कमी भरकटतं. मोठ्या विमानांत ही टोकं पंखाखालची हवा टोकावरून वर निसटताना होणारे भोवरे कमी करतात, त्यामुळे इंधन वाचतं.

राहिलेलं काम

वळणदार विमानाला एक आणि दोन पिनांच्या मधलं वजन लावून बघायचं आहे. त्यासाठी मी एक पिन पकडीने अर्धी कापून ठेवली आहे.