मंजूर झालंय आर३, तर सुताराच्या हातातही आर३च हवं

ओळंबा: पुण्यातल्या दोन ते पंधरा माणसांच्या आर्किटेक्चर आणि इंटिरियर ऑफिससाठी प्रोजेक्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर. ड्रॉइंग, क्लायंटचा होकार, साइटचा क्रम आणि फीचे हप्ते एकमेकांना बांधलेले.

एक चालू प्रोजेक्ट टाकून पाहा
पहिला प्रोजेक्ट हँडओव्हरपर्यंत मोफत.

फोडाफोडी सुरू होते ती ऑफिसात

क्लायंट शनिवारी सांगतो, फ्रिज डावीकडे नको, उजवीकडे घ्या. सोमवारी प्लॅन बदलतो, आर३ होतो. इलेक्ट्रिकल लेआउट मात्र आर२ वरच राहतो, कारण तो दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल दुसऱ्या माणसाकडे आहे. इलेक्ट्रिशियन भिंतीवर चिकटवलेला कागद बघून झिरी मारतो, पाइप टाकतो, बोर्ड बसवतो. चूक दिसते ती टाइल लागल्यावर. मग टाइल काढा, नवी झिरी मारा, पुन्हा मसाला भरा, आणि त्याच बॅचची टाइल दुकानात उरली आहे का ते शोधा.

यात इलेक्ट्रिशियनची चूक नाही. त्याला जे मिळालं, ते त्याने केलं.

ओळंबामध्ये प्रत्येक प्लॅनला त्यावर अवलंबून असलेली ड्रॉइंगं जोडलेली असतात: इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, फॉल्स सीलिंग, फर्निचरची एलेव्हेशन्स. प्लॅनची नवी आवृत्ती चढवली की या सगळ्यांवर ‘तपासायचं आहे’ अशी खूण येते. कुणीतरी उघडून ‘बदल नाही’ म्हणेपर्यंत किंवा नवी आवृत्ती चढवेपर्यंत ती जात नाही, आणि तोवर ते ड्रॉइंग साइटला पाठवता येत नाही.

कागदाचंही तसंच. साइटवर कागद लागतोच; धुळीने भरलेल्या हातांनी कुणी मोबाइलवर माप बघत नाही. म्हणून ओळंबातून निघालेल्या प्रत्येक ए३ प्रिंटच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. मिस्त्रीने फोन धरला की हिरवं दिसतं, म्हणजे हेच चालू ड्रॉइंग. लाल दिसलं की ते रद्द, आणि चालू ड्रॉइंग तिथेच उघडतं. लॉगिन नाही, ॲप नाही. मजकूर मराठीत आणि हिंदीत.

होकार कुणाचा, कधीचा, कितीचा

लॅमिनेटचा फोटो पाठवला, पलीकडून अंगठा आला. हा होकार समजायचा का? आणि दिला कुणी?

प्रोजेक्ट सुरू करतानाच ओळंबा विचारतं, शेवटचा शब्द कुणाचा. नवरा-बायको दोघांचा असेल तर दोघांच्याही मंजुरीशिवाय निर्णय पक्का होत नाही. क्लायंटला व्हॉट्सॲपवर लिंक जाते. त्यात कॅटलॉग नंबर, फोटो, ठरलेल्या रकमेतला फरक आणि कामाचे वाढणारे दिवस हे सगळं एकत्र दिसतं. शेवटचे दोन आकडे आम्ही मुद्दाम वर, मोठ्या अक्षरात ठेवले आहेत. ‘एवढंच तर बदलायचंय’ या वाक्यामागचा खर्च बदलाआधी दिसला तर बिलाच्या वेळी वाद होत नाही.

क्रम चुकला की काम दोनदा होतं

फ्लॅटच्या इंटिरियरचा क्रम तयार मिळतो: तोडफोड, बांधकाम, प्लंबिंग आणि कंड्यूट, वॉटरप्रूफिंग, टाइल, सीलिंग, सुतारकाम, लॅमिनेट, रंग, फिटिंग. तो तुमच्या पद्धतीने बदला. काही ठिकाणी मात्र आम्ही कुलूप लावलं आहे.

बाथरूममध्ये पाणी साठवून केलेल्या चाचणीचे फोटो, सुरुवातीची पातळी आणि शेवटची पातळी, चढवल्याशिवाय टाइलचं काम ‘सुरू’ होत नाही. गळती टाइलखाली गेली की खालच्या मजल्याच्या छतावर ओल येते, आणि तेव्हा पूर्ण जमीन उखडावी लागते.

मॉड्यूलर किचनचं शेवटचं माप टाइल लागल्यानंतरच नोंदवता येतं. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून एका भिंतीला पाऊण ते एक इंच जातो. समोरासमोरच्या दोन भिंती धरल्या तर दीड ते दोन इंच. कच्च्या भिंतीवर माप घेऊन कारखान्यात गेलेली कॅबिनेटं मग बसत नाहीत. ही दोन कुलुपं ऑफिसप्रमुखाला उघडता येतात, पण कारण लिहावं लागतं.

कॅलेंडर पुण्याचं आहे. गणपतीत पेठांमध्ये टेम्पो जात नाही, दिवाळी आणि छठला सुतार गावी जातात, पावसाळ्यात पुट्टी वाळायला जास्त वेळ घेते. दसऱ्याचा गृहप्रवेश ठरला असेल तर ओळंबा उलट मोजतं आणि भवानी पेठेतून प्लायवूड कोणत्या तारखेच्या आत उचलायचं ते सांगतं. सोसायटीची ठोकाठोकीची वेळ, लिफ्टने सामान नेण्याचे नियम, राडारोडा उचलण्याची अट हे प्रोजेक्टनिहाय भरता येतं.

बंगले आणि इमारती करणाऱ्या ऑफिससाठी बांधकाम परवानगी, जोतं तपासणी आणि भोगवटापत्र असे वेगळे टप्पे आहेत. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड किंवा पीएमआरडीए निवडा. फाइल नंबर, आलेली त्रुटी, उत्तराची तारीख एका पानावर राहते. अर्ज तुम्हालाच पोर्टलवर करायचा आहे.

फी अडकते कारण बिल उशिरा जातं

टप्पा पूर्ण झाला त्याच दिवशी बिलाचा मसुदा तयार होतो. समजा टप्प्याची फी २,००,००० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी ३६,०००, म्हणजे बिल २,३६,०००. क्लायंट कंपनी असेल आणि १० टक्के टीडीएस कापत असेल तर तो मूळ फीवर, म्हणजे २०,०००. खात्यात येतात २,१६,०००. लहान ऑफिसात हा २०,००० चा फरक अनेकदा ‘येणं बाकी’ म्हणून पडून राहतो. ओळंबा तो टीडीएस म्हणून वेगळा धरतं आणि तुमच्या सीएला तिमाही यादी देतं.

कोणत्या प्रोजेक्टवर किती तास गेले तेही दिसतं. सहाव्यांदा बदललेल्या बेडरूमने फी खाल्ली का, हे हँडओव्हरनंतर कळून उपयोग नाही.

ओळंबा काय करत नाही

ड्रॉइंग काढत नाही, रेंडर करत नाही, टॅलीची जागा घेत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणीही करत नाही. शंभर माणसांच्या ऑफिसला हे अपुरं पडेल.

किंमत

पूर्ण ऑफिससाठी महिना २,४०० रुपये, जीएसटी वेगळा. माणसांमागे पैसे नाहीत. क्लायंट, कंत्राटदार आणि मिस्त्री मोजले जात नाहीत. वर्षाचा करार नाही. सोडून गेलात तर सगळी ड्रॉइंगं, मंजुऱ्या आणि फोटो तारखांसकट एका फोल्डरमध्ये मिळतात.

सुरुवात कशी करायची

नवा प्रोजेक्ट निवडू नका. अर्ध्यावर आलेला, थोडा गोंधळलेला निवडा, तिथे फरक लवकर कळतो. जवळ ठेवा: ड्रॉइंगची यादी, त्यांच्या शेवटच्या पीडीएफ, फीचं पत्र आणि साइटवरच्या लोकांचे नंबर. आमचा माणूस तुमच्या ऑफिसात येऊन अर्ध्या दिवसात हे लावून देतो, कोथरूड असो की खराडी. दुपारनंतर साइटवर जाऊन जुने कागद उतरवायचे आणि क्यूआरचे नवे चिकटवायचे. हे काम तुमच्या साइट सुपरवायझरने स्वतः करावं, कारण पुढे रोज तेच बघणार आहेत.

भेटीची वेळ ठरवा
सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६.